काळा चुना

लग्नाच्या जाहिरातींतून वर्णाचा रकाना अजून गेलेला नाही. गोरी, उजळ, निमगोरी, गव्हाळ अशी उतरती भाजणी असते, आणि जिथे यातलं काहीच धकत नाही तिथे 'नाकीडोळी नीटस' म्हणून वेळ मारून नेलेली असते. हा सगळा खटाटोप प्रकाशाच्या ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढ्या चिंचोळ्या पट्टीत चाललेला असतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे स्थळं किती बारकाईने पाहिली जातात ते बघा.) तीच माणसं १० मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशात पाहिली, तर गोरा, गव्हाळ, सावळा हा भेदच उरत नाही. त्या प्रकाशात सगळे सारखेच काळेकुट्ट. माणसाच्या कातडीची तिथली उत्सर्जकता ०.९८ च्या घरात असते, आणि ती रंगागणिक बदलत नाही.

उत्सर्जकता म्हणजे परीक्षेतले गुण समजायला हरकत नाही, फक्त ती एकपैकी असते. अमुक तापमानाला निखळ काळा पदार्थ जेवढी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकेल, तिच्या किती पट हा पदार्थ टाकतो, हा तो आकडा. त्याच्या जोडीची शोषकता म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांपैकी किती पोटात घेतले, तो हिस्सा. काजळीला उत्सर्जकतेत ०.९५ च्या आसपास मिळतात. म्हणजे आपण सगळे काजळीच्या तोडीस तोड, किंवा कणभर पुढेच.

कोरोनाच्या दिवसांत आमच्या इमारतीच्या फाटकावर एक तापमानाची बंदूक आली. वॉचमन ती प्रत्येकाच्या कपाळावर रोखायचा आणि समोरच्याचा वर्ण कोणता, हे त्याने एकदाही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. ती बंदूक कपाळातून निघणारे अवरक्त किरण मोजते आणि 'समोरच्या वस्तूची उत्सर्जकता ०.९५ किंवा त्याहून जास्त आहे' असं गृहीत धरून तापमानाचा आकडा काढते. कातडीपुरतं ते गृहीत कोणाच्याही बाबतीत खरं ठरतं. साथ ओसरली, बंदूक वॉचमनच्या खोपटात खिळ्याला लटकली, आणि एप्रिलमध्ये सेक्रेटरीकाकांना ती सापडली.

एप्रिल हा आमच्याकडे गच्चीचा महिना. वरच्या मजल्यावरच्यांचे पंखे गरम हवा ढवळत असतात, आणि गच्चीला काहीतरी लावायला हवं हा विषय सोसायटीच्या सभेत येतो. यंदा दोन पक्ष पडले होते. एक पक्ष चुन्याचा: पांढरा फासा आणि मोकळे व्हा. दुसरा पक्ष सेक्रेटरीकाकांचा, चंदेरी रंगाचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आरसा ऊन परत पाठवतो, चंदेरी रंग आरशासारखा, तेव्हा चंदेरी लावला की ऊन आलं तसं परत. त्यांनी डबेही आणून ठेवले होते. सोसायटीच्या कारभारात निम्मा निर्णय अशा आणून ठेवलेल्या डब्यांनी होतो.

पुराव्यादाखल काका बंदूक घेऊन गच्चीवर आले. गच्चीचा एक कोपरा चुन्याने सारवून झालेला होता, आणि जिन्याच्या माथ्यावर नवा चकचकीत पत्रा घातलेला होता. अकराचं ऊन. काकांनी बंदूक चुन्यावर रोखली: ४१. मग पत्र्यावर रोखली: १७.

"बघ," काका म्हणाले. "चुना एक्केचाळीस, पत्रा सतरा. आता बोल."

"काका, सतरा म्हणजे महाबळेश्वर झालं," मी म्हटलं. "हात लावून बघा ना."

काकांनी मोठ्या विश्वासाने तळहात पत्र्यावर टेकवला आणि टेकवला त्याहून कितीतरी लवकर उचलला. पलीकडे पापडाचं प्लास्टिक पसरणाऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी पापड चुन्याच्या बाजूला सरकवले.

बंदूक खोटं बोलली नव्हती, तिने भलत्याचंच तापमान सांगितलं होतं. चकचकीत पत्र्याची उत्सर्जकता ०.२ च्या आसपास. म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंगातून येणारे किरण फारच थोडे, आणि बंदुकीत शिरलेले बहुतेक किरण त्याच्यात उमटलेल्या आभाळाचे. निरभ्र आभाळ अवरक्तात चांगलंच गार दिसतं. काकांनी भर उन्हात, पत्रा मध्ये ठेवून, आभाळाला ताप आहे का ते पाहिलं होतं.

यावर उपाय साधा आहे. पत्र्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा नीट दाबून लावायचा, तो पत्र्याइतका तापेपर्यंत पाचेक मिनिटं थांबायचं, आणि बंदूक जवळ नेऊन, समोरून सरळ धरून त्या तुकड्यावर रोखायची. पट्टी काळीच हवी असं नाही, उलट उन्हात पांढरी बरी, कारण ती स्वतः ऊन खाऊन तापत नाही. अवरक्तात मात्र पांढरा कागदही काळाच असतो. तिरकं धरून मोजलं तर पुन्हा आकडा घसरतो, कारण पृष्ठभाग कडेने पाहिला की त्याचा स्वभाव बदलतो. पट्टीवर आकडा आला ६४. चुन्यापेक्षा २३ अंशांनी वर.

आता हा पत्रा असा का वागतो? 'जो चांगला शोषतो तो चांगला उत्सर्जित करतो' हे वाक्य आपण नववी-दहावीत घोकलेलं असतं आणि परीक्षा संपताच त्याला निरोप दिलेला असतो. ते खरं आहे हे पाहण्याचा मला आवडणारा प्रयोग विल्यम रिची या स्कॉटिश माणसाचा, १८३३ सालचा. त्यात गणित नाही, तराजू नाही, आणि निकाल म्हणजे काहीही न घडणं.

मधोमध गरम पाण्याचा एक चपटा डबा. त्याची एक बाजू काजळीने काळी केलेली, दुसरी घासून लख्ख. डब्याच्या डावी-उजवीकडे, सारख्या अंतरावर, हवा भरलेल्या दोन बंद डब्या. त्या एका वाकड्या काचनळीने जोडलेल्या, आणि नळीत रंगीत द्रवाचा थेंबभर स्तंभ. ज्या डबीतली हवा जास्त तापेल, ती द्रवाला पलीकडे ढकलेल. या डब्यांच्याही आतल्या तोंडांपैकी एक काळं, एक लख्ख. रिचीने मांडणी अशी केली, की गरम डब्याची काळी बाजू लख्ख डबीकडे आणि गरम डब्याची लख्ख बाजू काळ्या डबीकडे. आता काळी बाजू भरभरून किरण टाकते, पण समोरची लख्ख डबी त्यातले जेमतेमच घेते. लख्ख बाजू थोडेच टाकते, पण समोरची काळी डबी ते सगळे गिळते. द्रव तसूभरही हलत नाही.

या न हलण्यात सगळं आलं. समजा काळं हे लख्खाच्या दसपट टाकतं. मग तोल राहायला काळ्याने घ्यायलाही लख्खाच्या दसपटच हवं, नऊपट नाही की अकरापट नाही. मधला डबा फिरवून काळ्यासमोर काळं आणलं, की द्रव लगेच पळतो. म्हणजे यंत्र चालत नव्हतं अशी पळवाटही नाही.

हे असंच का, याचं उत्तर गुस्ताव किर्चहॉफने १८५९ मध्ये दिलं, हायडेलबर्गला असताना. बॅल्फर स्ट्युअर्ट नावाचा आणखी एक स्कॉटिश माणूस वर्षभर आधी त्याच वाटेने बराच पुढे गेला होता, पण नियमाला नाव मिळालं किर्चहॉफचं. किर्चहॉफचा युक्तिवाद बसल्या जागी करता येतो. चारी बाजूंनी बंद अशी एक पेटी घ्या, तिच्या भिंती आणि आतल्या वस्तू सगळ्या एकाच तापमानाला. आता आतली एखादी वस्तू अशी आहे समजा, की ती किरण घेते पुष्कळ आणि टाकते कमी. मग ती आपोआप शेजारच्यांपेक्षा तापत जाईल. कोणी जाळ न लावता, सारख्या तापमानाच्या घोळक्यातून एक जण गरम आणि बाकीचे गार. अशा फरकावर इंजीन चालवता येतं आणि तेही फुकट. उष्मागतिकीचा दुसरा नियम असल्या फुकटेपणाला परवानगी देत नाही. म्हणून घेणं आणि टाकणं बरोबर जुळायलाच हवं.

पण किर्चहॉफ इथे थांबला नाही, आणि सगळी मौज पुढच्या पायरीत आहे. तो म्हणाला, पेटीत मध्ये अशी एक चाळण उभी करा जी एकाच तरंगलांबीचे किरण पलीकडे जाऊ देते आणि बाकीचे परत पाठवते. फुकटेपणा तर त्या एका तरंगलांबीपुरताही चालणार नाही. म्हणजे जमाखर्च एकूण बेरजेत जुळून भागत नाही, तो प्रत्येक तरंगलांबीला वेगवेगळा जुळला पाहिजे. ०.५ मायक्रॉनला जेवढी शोषकता, तेवढीच ०.५ मायक्रॉनला उत्सर्जकता. १० मायक्रॉनला जेवढी शोषकता, तेवढीच तिथे उत्सर्जकता. या दोन जोड्यांचा आपापसांत मात्र काही संबंध नाही. शाळेतलं वाक्य अर्धवट राहतं ते इथे. त्यात 'त्याच तरंगलांबीला' हे शब्द गळलेले असतात, आणि त्यांच्याशिवाय ते वाक्य चुन्यासमोर तोंडावर पडतं.

या नियमाच्या मुळाशी काय आहे, ते मला दाराच्या उदाहरणाने पटतं. घराला एकच दार असेल, तर पाहुणे येतात त्याच दाराने आणि जातात त्याच दाराने. ज्या घरात शिरणं अवघड, त्यातून निघणंही अवघड. पदार्थाच्या आत अणू, रेणू, इलेक्ट्रॉन हलत असतात. बाहेरून आलेल्या ठरावीक तरंगलांबीच्या लहरीने जे विद्युतभार हलतात, तेच भार स्वतःच्या उष्णतेने हलले की त्याच तरंगलांबीची लहर बाहेर सोडतात. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन इतके असतात की ते बाहेरच्या लहरीला उंबऱ्यावरूनच परतवतात, म्हणून धातू चमकतो. आणि आतून निघालेल्या लहरीलाही तेच इलेक्ट्रॉन आतल्या आत अडवतात, म्हणून तापलेला धातू आपली उष्णता किरणांनी सहज टाकू शकत नाही. दार घट्ट, तर दोन्हीकडून घट्ट. मात्र प्रत्येक तरंगलांबीचं दार वेगळं असतं, आणि एक उघडं म्हणून दुसरंही उघडं असेल असं नाही.

आता चुन्याकडे येतो. चुना ऊन घेत नाही, हे तर उघड आहे, नाहीतर तो पांढरा दिसलाच नसता. तो वाईट शोषक. मग शाळेतल्या वाक्याप्रमाणे तो वाईट उत्सर्जकही असायला हवा, आणि गच्चीवर कुचकामी ठरायला हवा. सेक्रेटरीकाकांनी हा मुद्दा सभेत मांडला होता, आणि मी म्हणेन की मुद्दा हुशारीचा होता. सभेत बहुतेकदा त्याहून वाईट मुद्द्यांवर हात वर होतात.

उत्तर असं, की गच्चीवर येणारं ऊन आणि गच्चीतून जाणारी उष्णता यांच्या तरंगलांबींची एकमेकांशी गाठच पडत नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश सेल्सिअसचा. त्याचे किरण ०.५ मायक्रॉनपाशी सर्वांत जोमदार, आणि ३ मायक्रॉनच्या पुढे त्यातले जेमतेम एक-दोन टक्के उरतात. गच्ची पन्नास-साठ अंशांची. तिचे किरण ९ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोमदार, आणि ३ मायक्रॉनच्या अलीकडे त्यातलं काही म्हणण्यासारखं नसतं. ३ मायक्रॉनला एक रेघ ओढली तर डावीकडे सगळं सूर्याचं, उजवीकडे सगळं गच्चीचं.

चुना भिंतीला लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो. त्यात दृश्य प्रकाश गिळणारं काही नाही, आणि त्याचे बारीक कण आलेला प्रकाश चहूकडे उधळून लावतात. म्हणून रेघेच्या डावीकडे तो पांढरा. पण कार्बोनेटमधले कार्बन आणि ऑक्सिजनचे बंध ७ आणि ११ मायक्रॉनच्या आसपास जोरात थरथरतात. त्या टापूतली लहर त्यांना मिळाली की ते ती खातात आणि तापले की तीच सोडतात. रेघेच्या उजवीकडे चुन्याची उत्सर्जकता ०.९. तिथे तो काळा, आणि शोषकही चांगलाच. किर्चहॉफचा नियम दोन्हीकडे पाळला गेला. बर्फाचंही असंच, आणि लिहायच्या पांढऱ्या कागदाचंही. जॉन लेस्लीने १८०४ मध्ये गरम पाण्याच्या चौकोनी डब्याच्या बाजूंवर वेगवेगळे थर देऊन मोजमाप केलं, तेव्हा कागद काजळीच्या जवळपास बरोबरीला आला होता. डोळ्याला दिसणारा रंग उष्णतेच्या बाबतीत साक्षीदार म्हणून बसवू नये, हे तेव्हापासून माहीत आहे. जाहिरातवाल्यांना कोणी कळवलं नाही, एवढंच.

पत्र्याचं नुकसान नेमकं कुठे होतं, हे हिशोबाने पाहण्यासारखं आहे. पत्र्याला मुद्दाम झुकतं माप देऊ. असा चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा घेऊ जो ऊन घेण्यात ताज्या चुन्याच्या बरोबरीचा आहे, दोघेही अंगावर पडलेल्या उन्हापैकी फक्त वीस टक्के घेतात. ऊन दर चौरस मीटरला ९०० वॅट. म्हणजे दोघांच्या पोटात १८० वॅट. हवा ३५ अंश, वाऱ्याची झुळूक अशी की पृष्ठभाग हवेपेक्षा जितके अंश गरम, त्या प्रत्येक अंशाला दर चौरस मीटरमागे १० वॅट वारा घेऊन जातो. निरभ्र कोरडं आभाळ किरणांच्या हिशोबात १५ अंशांच्या छतासारखं वागतं, असं धरू. खालून उष्णता जात नाही, असंही धरू.

३५ अंशांचा निखळ काळा पृष्ठभाग वर ५१० वॅट टाकतो आणि आभाळाकडून ३९० परत मिळवतो, म्हणजे निव्वळ १२० गमावतो. चुन्याला यातले नव्वद टक्के लागू, म्हणजे सुमारे ११०. तर १८० आले आणि चुना हवेहून जराही न तापता ११० आभाळाला देऊन मोकळा झाला. उरले ७०. थोडं तापलं की वारा आणि आभाळ दोघेही जास्त नेतात, त्यामुळे साडेचार अंश वर चढून, साडेएकोणचाळीसला चुना स्थिरावतो.

पत्र्याची उत्सर्जकता ०.०५. तो आभाळाला देतो फक्त ६ वॅट. उरलेले १७४ सगळे वाऱ्याच्या भरवशावर. त्यासाठी त्याला हवेपेक्षा सतरा अंश वर चढावं लागतं, म्हणजे ५२ च्या जवळपास. ऊन दोघांनी सारखंच घेतलं, आणि तरी बारा अंशांचा फरक. वारा पडला, दर अंशाला ५ च वॅट नेऊ लागला, तर चुना ४१-४२ वर आणि पत्रा ६७ वर. पत्रा वाऱ्यावर जगतो, आणि वारा मे महिन्यात दुपारी नेमका झोपलेला असतो.

हा तर आदर्श पत्रा झाला. खराखुरा, चार पावसाळे खाल्लेला जस्ताचा पत्रा मळून करडा होतो आणि ऊन पासष्ट टक्क्यांपर्यंत घ्यायला लागतो, पण त्याची उत्सर्जकता ०.२८ च्या आसपासच रेंगाळते. त्याच झुळुकीत त्याचा हिशोब ८० अंशांवर जातो. घेण्याची सवय लागली, देण्याची नाही. असा एक तरी नातेवाईक प्रत्येकाच्या घरी असतो, पण त्याच्यावर अंडी तळता येत नाहीत.

मळण्याचा परिणाम चुन्यावरही होतो, पण वेगळा. धूळ, काजळी, शेवाळ यांनी चुना काळवंडतो आणि एकदोन वर्षांत ऊन जास्त घेऊ लागतो. म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी हात फिरवावा लागतो. त्याची उत्सर्जकता मात्र ढळत नाही, कारण धूळही अवरक्तात काळीच. डाव्या दाराचा बंदोबस्त बिघडतो, उजवं तसंच उघडं राहतं. रात्री हे उजवं दार एकटंच काम करतं. हिवाळ्यात निरभ्र रात्री चुन्याची गच्ची हवेपेक्षाही गार पडते. लंडनच्या विल्यम वेल्स या डॉक्टरने १८१४ मध्ये दवावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्याही लक्षात आलं होतं की गवत, लोकर, काच ओलीचिंब होत असताना घासलेला धातू बराच कोरडा राहतो. धातू देत नाही, म्हणून गार होत नाही, म्हणून त्याच्यावर दव धरत नाही.

दिवसाढवळ्या, सूर्य डोक्यावर असताना, हवेपेक्षा गार राहणारा पृष्ठभागही करता येतो. आश्वथ रामन आणि त्यांच्या स्टॅनफर्डच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तसं करून दाखवलं. त्यांचा थर ९७ टक्के ऊन परत पाठवणारा आणि आभाळ ज्या ८ ते १३ मायक्रॉनच्या खिडकीतून पारदर्शक असतं त्या खिडकीत भरपूर उत्सर्जन करणारा होता. तो उन्हात हवेपेक्षा जवळपास ५ अंश गार राहिला. दिशा चुन्याचीच, फक्त शिस्त फार कडक.

याच्या नेमका उलटा इसम आमच्याच गच्चीवर उभा आहे, सोलर वॉटर हीटर. त्याच्या काचनळ्यांमध्ये जो काळसर लेप असतो, तो उन्हाचे नव्वद टक्क्यांहून जास्त घेतो, आणि रेघेच्या उजवीकडे त्याची उत्सर्जकता दहा टक्क्यांच्याही आत. तिथे तो आरसा. घेतलेलं ऊन किरणांच्या वाटेने निसटू देत नाही, म्हणून डिसेंबरातही आंघोळीचं पाणी कढत मिळतं. शेजारची पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी दोन्हीकडे काळी, भरपूर घेते आणि भरपूर टाकते, शेवटी कोमटावर थांबते.

पत्र्याचा हा कंजूषपणा वाईटच, असंही नाही. वरच्या बाजूने तो गैरसोयीचा. खालच्या बाजूने सोन्यासारखा. ६० अंशांवर तापलेल्या छताखाली माणूस बसला, तर छताच्या खालच्या पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.९ असेल तेव्हा ३५ अंशांच्या परिसरावर ते निव्वळ १६८ वॅट दर चौरस मीटरला ओततं. तोच पृष्ठभाग चकचकीत, ०.१ चा असेल तर १९. छत तेवढंच तापलेलं, पण डोक्यावरची झळ जवळजवळ गायब. म्हणून पत्र्याला वरून चुना किंवा पांढरा रंग द्यावा आणि खालून हात लावू नये, फार तर झाडूने धूळ काढावी. धूळ बसली की खालचाही पृष्ठभाग उदार होत जातो.

हे सगळं मी सेक्रेटरीकाकांना एका बैठकीत सांगितलं नाही. तीन चहा लागले. शेवटी त्यांनी विचारलं ते डब्यांबद्दल.

"मग माझा चंदेरी रंग अगदीच वाया?"

वाया नव्हता. चंदेरी रंग म्हणजे तेलात किंवा राळेत कालवलेला अॅल्युमिनियमचा चुरा. ती राळ स्वतः अवरक्तात काळी, त्यामुळे या रंगाची उत्सर्जकता खऱ्या धातूइतकी खाली उतरत नाही, ०.४ च्या आसपास राहते. गच्चीच्या वर हे अडनिडं: चुन्यापेक्षा ऊन जास्त घेणारं, चुन्यापेक्षा कमी टाकणारं. जिन्यावरच्या चकचकीत पत्र्याला खालून लावलं तर उलट नुकसान, कारण तो स्वतःच याहून कंजूष. पण आमच्या पार्किंगवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, आणि सिमेंट खालून ०.९ चं. तिथे खालच्या बाजूला हा रंग दिला तर १६८ चे ७५ होतात, आणि त्या छताखाली वॉचमनची खुर्ची असते.

काकांना ते पटलं. त्यांनी डबे खाली नेले, रंगाऱ्याला बोलावलं, आणि बोट वर करून सिमेंटचे पत्रे खालून रंगवायचे आहेत असं सांगितलं. रंगाऱ्याने मान मागे टाकून छताकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा छताकडे.

"खालून? दिसणार कोणाला साहेब?" तो म्हणाला. "आणि मान वर करून काम, दर वेगळा पडेल."